लॅपटॉपची बॅटरी फुगली? दाबून सपाट करू नका!

ट्रॅकपॅड अचानक घट्ट झाला, क्लिकच होत नाही, की बहुतेकजण आधी ड्रायव्हर शोधायला लागतात. त्याआधी लॅपटॉप बंद करा, टेबलावर ठेवा आणि बघा. डुगडुगतोय का? खालच्या झाकणाला कडेने फट पडलीय का? तसं असेल तर आतली बॅटरी फुगली आहे.

पडेगावातल्या एका ओळखीच्या विद्यार्थ्याचं असंच झालं. तीन वर्षं जुना लॅपटॉप, पत्र्याची खोली, मे महिना आणि चार्जर दिवसरात्र लावलेला. ट्रॅकपॅड वर आला म्हणून पठ्ठ्याने लॅपटॉपवर जाडजूड पुस्तकं ठेवली!

आत काय होतं ते समजून घ्या. सध्याच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये सेल पातळ, सीलबंद पाकिटात असतात आणि त्यात इलेक्ट्रोलाइट नावाचा द्रव असतो. चार्ज १०० टक्के असताना प्रत्येक सेलवर साधारण ४.२ व्होल्ट किंवा थोडा जास्त दाब असतो. त्या अवस्थेत सेल सतत गरम राहिला की द्रवाचं विघटन होऊन कार्बन डायऑक्साइडसारखे वायू तयार होतात. त्यांना बाहेर पडायला वाट नसते. दूध नासल्यावर पिशवी फुगते ना, तसंच. म्हणजे १०० टक्के चार्ज आणि उन्हाळा, ही जोडी सगळ्यात वाईट.

मग दाबलं तर काय बिघडतं? वायू कुठेच जात नाही, फक्त सरकतो. पण सेलच्या धन आणि ऋण थरांमध्ये प्लॅस्टिकचा एक पडदा असतो, केसापेक्षाही पातळ. दाबामुळे तो फाटला की दोन्ही थर भिडतात, आतच शॉर्ट सर्किट होतं. त्या उष्णतेने आणखी रासायनिक क्रिया सुरू होतात, त्यांतून आणखी उष्णता, आणि काही सेकंदांत आग लागू शकते. धूरही विषारी असतो. टाचणीने भोक पाडून हवा काढणं तर त्याहून धोक्याचं.

विंडोजवर ही कमांड बॅटरीचा रिपोर्ट देते:

```
powercfg /batteryreport
```

त्यात FULL CHARGE CAPACITY किती उरली ते कळतं, पण फुगवटा दिसत नाही. रिपोर्ट चांगला आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. इथे डोळ्यांनी दिसतं तेच खरं.

फुगवटा दिसला की चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, पुन्हा चार्ज करू नका. गादी, कागद, पडद्यांपासून लांब, फरशीवर ठेवा. उन्हातल्या गाडीत अजिबात नको. बॅटरी अनेकदा चिकटवलेली असते, त्यामुळे स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. सर्व्हिस सेंटरला आधी फोन करून ‘बॅटरी फुगली आहे’ असं स्पष्ट सांगा, मगच घेऊन जा. फुसफुस आवाज, गोडसर उग्र वास किंवा धूर आला तर लॅपटॉप उचलायला जाऊ नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ११२ ला फोन करा.

त्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप वाचला, बॅटरी तेवढी बदलली. नव्या बॅटरीला त्याने कंपनीच्या ॲपमधून ८० टक्क्यांची मर्यादा लावली. जुनी घंटागाडीत न टाकता सर्व्हिस सेंटरलाच दिली, कारण कचरा दाबणाऱ्या गाडीत ती पुन्हा दाबलीच गेली असती.