दख्खनी रिसाला आणि हाय वुडचा चढ

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, शहागंजच्या पश्चिमेस, खाम नदीपलीकडे, जी छावणी आहे, ती हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाच्या प्रमुख ठाण्यांपैकी एक होती. त्या घोडदळाचा शिरस्ता शिलेदारीचा असे. म्हणजे स्वाराने घोडा व सरंजाम आपल्या पदरचा आणावा आणि सरकारने दरमहा तनखा द्यावा. याच घोडदळातून, १८२६ पासूनची परंपरा सांगणारा ‘विसावा डेक्कन हॉर्स’ हा रिसाला पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या भूमीवर गेला.

१४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत पहाटेच्या हल्ल्याने जर्मनांची दुसरी फळी फुटली, आणि त्या खिंडारातून घोडदळाने पुढे धावावे असा हुकूम सुटला. परंतु तोफांनी नांगरलेली, खंदकांनी चिरलेली व पावसाने निसरडी झालेली ती जमीन ओलांडता ओलांडता दिवस मावळतीला आला, आणि सकाळी जवळजवळ मोकळे असलेले हाय वुडचे रान तोवर जर्मनांनी पुन्हा भरून काढले. सायंकाळी सातच्या सुमारास डेक्कन हॉर्स व सातवे ड्रगून गार्ड्स भाले सरसावून त्या चढावर दौडले, उभ्या पिकात दडलेल्या शत्रूंपैकी काहींना त्यांनी भाल्यांनी लोळवले, काहींना कैद केले. मग मशीनगनांचा मारा सुरू होताच स्वार पायउतार झाले, रात्रभर जमिनीला चिकटून त्यांनी ती रेषा धरली आणि पहाटे ते मागे आले. सुमारे शंभर माणसे जायबंदी वा ठार झाली. घोडे त्याहून अधिक गेले.

घोडदळ का मागे पडले, याचे कारण ‘कत्तल झाली’ एवढे म्हटल्याने उलगडत नाही. खरा हिशेब वेळेचा आहे. जुन्या बंदुकीचा भरवशाचा पल्ला शंभर मीटरांच्या आसपास, म्हणून भरधाव स्वारास एखादीच फैर सोसावी लागे. मशीनगन मात्र हजार मीटरांवरून मिनिटाला साडेचारशे-पाचशे गोळ्या सोडी, आणि तेवढे अंतर कापण्यास घोड्याला दोन-अडीच मिनिटे लागत. त्यात १८९७ च्या फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफेसारख्या शीघ्रगती तोफांची भर पडली: बार उडताच नळी मागे सरकून आपोआप जागेवर येई, गाडा हलत नसे, नेम नव्याने धरावा लागत नसे, त्यामुळे मिनिटाला पंधरा गोळे सहज सुटत, आणि स्वार व घोडा मिळून होणारे उंच लक्ष्य लपवावे तरी कोठे?

तथापि घोडदौड तत्क्षणी संपली असे मानणे अन्यायाचे होईल. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर व म्हैसूरच्या भालाईतांनी हैफा जिंकले, मशीनगना समोर असतानाही. कारण तेथे शत्रूचे सैन्य विरळ व खचलेले होते, आणि सोमसारखी सलग खंदकांची भिंत नव्हती. जेथे ती भिंत होती, तेथे तारेचे कुंपण व तोफांनी उखडलेली भुई यांनी घोड्याचे बळ, म्हणजे त्याचा वेग, आधीच हिरावून घेतले.

हाय वुड अखेरीस पडले ते १५ सप्टेंबर १९१६ रोजी, आणि त्याच दिवशी सोमच्या रणभूमीवर रणगाडे प्रथम उतरले. डेक्कन हॉर्सनेही पुढे घोडे सोडून रणगाडे स्वीकारले, आणि १९६५ मध्ये असल उत्तरच्या लढाईत हीच पलटण शर्मन रणगाड्यांनिशी लढली.