‘टॅली येते’ एवढ्याने भागत नाही

सीएच्या ऑफिसातल्या अकाउंट्स ट्रेनीच्या जाहिरातीत बहुधा दोन अपेक्षा असतात: हिशेब लिहिता यावेत आणि टॅक्स सॉफ्टवेअरची माहिती असावी. बी.कॉम. झालेली बरीच मुले दोन्हींना मिळून एकच उत्तर देतात, ‘टॅलीचे ज्ञान’. पण टॅलीत हिशेब लिहिले जातात. रिटर्न भरण्यासाठी पुष्कळ ऑफिसांत कॉम्प्युटॅक्स, विनमॅन किंवा जीनियस यांसारखे वेगळे सॉफ्टवेअर असते. त्यामुळे अर्ज वाचणाऱ्याला निम्मेच उत्तर मिळते.

समजा, एका मुलीने काकांच्या हार्डवेअरच्या दुकानाचे हिशेब वर्षभर सांभाळले आहेत. रेझ्युमेत तिने ‘टॅली, जीएसटी, एक्सेल’ एवढेच लिहिले आहे. तेच काम तिने असे मांडावे: ‘खरेदी-विक्रीची बिले टॅलीत चढवली, दर महिन्याला बँक स्टेटमेंटशी ताळमेळ घातला, खरेदीची बिले जीएसटीआर-२बीशी ताडून पाहिली.’ यातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे. पुरवठादाराने त्याच्या रिटर्नमध्ये बिल दाखवले नाही, तर ते २बीमध्ये येत नाही आणि दुकानाला त्या महिन्यात त्या कराचे क्रेडिट घेता येत नाही. अशी बिले शोधून पुरवठादारामागे लागणे हे ट्रेनीच्या वाट्याला हमखास येणारे काम आहे.

आता टॅक्स सॉफ्टवेअर. तिने कॉम्प्युटॅक्स कधी उघडलेच नसेल, तर त्याचे नाव लिहू नये. पहिल्याच दिवशी ते उघडे पडेल. त्याऐवजी ‘जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर-१ व ३बी भरण्यास मदत केली’ हे खरे असेल तर लिहावे. आयकर खात्याची रिटर्न तयार करण्याची युटिलिटी मोफत मिळते. तिच्यावर घरातल्या एखाद्या पगारदाराचे रिटर्न फॉर्म १६ आणि २६एएस समोर ठेवून तयार केले असेल, तर तेही सांगावे. ज्याला पगार, व्याज, वजावटी आणि टीडीएस कुठल्या रकान्यात जातात हे कळते, त्याला नवे सॉफ्टवेअर शिकवणे सोपे जाते.

लिहिलेली प्रत्येक ओळ मुलाखतीत तपासली जाऊ शकते. प्रश्न साधा असतो: पुण्यातल्या दुकानाने १०,००० रुपयांचा माल १८ टक्के जीएसटीने घेतला, नोंद सांगा. पुरवठादार महाराष्ट्रातला असेल तर खरेदी १०,०००, सीजीएसटी ९००, एसजीएसटी ९०० नावे आणि पुरवठादार ११,८०० जमा. माल गुजरातमधून आला असेल तर दोन करांऐवजी आयजीएसटी १,८००. इथे जो अडखळतो, त्याच्या रेझ्युमेतल्या बाकीच्या ओळींवरही शंका घेतली जाते.

म्हणून अर्ज पाठवण्यापूर्वी जाहिरातीतली प्रत्येक अपेक्षा कागदाच्या डाव्या बाजूला लिहावी आणि उजवीकडे आपण प्रत्यक्ष केलेले काम. ज्या ओळीसमोर जागा रिकामी राहील, तिथे ‘शिकत आहे’ असे लिहावे आणि खरोखरच त्याच आठवड्यात शिकायला बसावे. टॅलीची शैक्षणिक आवृत्ती त्यासाठी पुरते. तिच्यात ठरावीक तारखांच्याच नोंदी करता येतात, पण सरावाला तेवढे पुष्कळ आहे.