ऊस आणि रान : उपग्रहचित्रातली हिरवी गफलत

खानापूरच्या रानातून बेळगावकडे येताना जंगल कुठे संपले आणि ऊस कुठे लागला, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. पण पाऊस ओसरल्यावर, गळीत हंगामाच्या आधी घेतलेल्या उपग्रहचित्रात दोन्ही सारखेच हिरवे दिसतात. नकाशा करणाऱ्याची खरी अडचण येथे आहे.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका म्हणजे जमिनीचा १० मीटर लांब-रुंद तुकडा. त्यावरून परतलेला प्रकाश निळा, हिरवा, तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असा वेगवेगळा मोजलेला असतो. पाणी ओळखणे त्यामानाने सोपे. हिडकलचा जलाशय अवरक्तात जवळजवळ काळा उमटतो. हिरवे पान मात्र तांबडा प्रकाश शोषते आणि अवरक्त भरपूर परतवते. म्हणून अवरक्तातून तांबडा वजा करून त्या दोहोंच्या बेरजेने भागतात. समजा, उसाच्या ठिपक्यात अवरक्त ४५ आणि तांबडा ५ आहे, उत्तर ०.८. रानात ३६ आणि ४ आहे. उत्तर पुन्हा ०.८!

रंग हरला, की पोत पाहायचा. ऊस एका उंचीचा, त्यामुळे शेजारशेजारचे ठिपके ४४, ४५, ४६ असे जवळपास सारखे. रानात एक झाड उंच, दुसरे ठेंगणे, मध्ये सावली. तेथे ४८, ३०, ४१ असे चढउतार. ठिपक्याभोवती ७ गुणिले ७ ठिपक्यांची चौकट धरून हा चढउतार मोजला, की रान खरखरीत आणि ऊस गुळगुळीत ठरतो. गावठाण आणि नांगरलेले रिकामे शेतही असेच वेगळे होते : गावात कौल, पत्रा, झाड, रस्ता यांची सरमिसळ, तर शेत एकसारखे.

येथे एक बारकावा आहे. पोत मूळ अवरक्तात मोजावा, वरच्या भागाकारात नव्हे. सावलीत दोन्ही आकडे साधारण एकाच प्रमाणात घटतात, म्हणून भागाकारात सावली बरीचशी पुसली जाते. आणि आपल्याला तर तीच हवी असते.

तरीही नकाशा फसतो. ७ ठिपक्यांची चौकट म्हणजे ७० मीटर. आपल्याकडची कितीतरी शेते त्याहून अरुंद. चौकट बांधावर आली, की अर्ध्या भागात ऊस, अर्ध्यात कापलेला भात. चढउतार मोठा, आणि यंत्र तेथे जंगल लिहून मोकळे होते. नकाशात उसाच्या फडांभोवती जंगलाच्या बारीक पट्ट्या दिसल्या, तर हीच चूक समजावी. चौकट लहान केली तर पट्ट्या बारीक होतात, पण मोजमाप डळमळते. त्यापेक्षा आधी सारख्या रंगाचे ठिपके जोडून एकेक शेत वेगळे करावे आणि पोत त्या शेताच्या आतच मोजावा, हे मला अधिक पटते. बांधावरचे आंबे मात्र त्यानंतरही पंचाईत करतात. ती झाडे खरीच आहेत, पण त्यांना जंगल म्हणायचे की शेत, हे चित्र सांगत नाही.