चार पाइलवरची टोपी : काँक्रीट किती, सळई किती?

खाडीकाठच्या चिखलात इमारत उभी करायची, तर खांबाचा भार खोलवर उतरवणाऱ्या चार पाइलच्या डोक्यांवर काँक्रीटचा जाड ठोकळा बसवतात. हीच पाइल कॅप. तिचं माप पाइलवरून ठरतं. समजा, पाइल ५०० मिलिमीटर व्यासाचे आहेत आणि त्यांच्या मध्यांतलं अंतर व्यासाच्या तिप्पट, म्हणजे १५०० आहे. पाइलच्या बाहेर दोन्ही बाजूंना १५० सोडले की कॅप २३०० बाय २३०० होते. तिची जाडी १००० धरू.

काँक्रीटचा हिशेब सरळ आहे : २.३ × २.३ × १.० म्हणजे ५.२९ घनमीटर. पाइलची डोकी कॅपमध्ये ५० मिलिमीटर शिरलेली असतात, पण चारही मिळून ती जागा जेमतेम ०.०४ घनमीटर भरते. ती वजा केली नाही तरी चालतं. खालचा पीसीसीचा थर मात्र वेगळा मोजावा.

कव्हरमुळे काँक्रीट कमी-जास्त होत नाही, सळई होते. सगळीकडे ७५ कव्हर धरलं, तर जाळी २१५० मिलिमीटरमध्ये बसते. खालची मुख्य जाळी २० मिलिमीटरच्या सळयांची, १५० अंतरावर. पहिल्या आणि शेवटच्या सळईच्या मध्यांत २१३० उरतात. त्याला १५० ने भागल्यावर १४.२ येतात. इथे अपूर्णांक सोडायचा नाही, १५ गाळे धरायचे. म्हणजे एका दिशेला १६ सळया.

खांबाचा भार तिरका होऊन पाइलकडे जातो आणि पाइलना बाहेर ढकलू पाहतो. तो ताण हीच जाळी धरते. सळईची टोकं सुटू नयेत म्हणून ती वर वळवतात. उभा पाय १००० वजा १५०, म्हणजे ८५०. म्हणून कापायची लांबी : २१५० + ८५० + ८५०, वजा दोन वाकांचे ८०, म्हणजे ३७७०. आडव्या दिशेच्या सळया पहिल्या थरावर बसतात, त्यामुळे त्यांचा प्रत्येक पाय २० ने तोकडा आणि लांबी ३७३०. सगळ्या मिळून १२० मीटर. मीटरला २.४७ किलो धरले, तर २९६ किलो. वरची जाळी आणि बाजूच्या रिंगा यांत धरलेल्या नाहीत.

खरेदी मात्र वजनावर करू नये. बारा मीटरच्या सळईतून तीनच तुकडे निघतात, म्हणून ३२ तुकड्यांसाठी ११ सळया लागतात. त्या १३२ मीटर, ३२६ किलो भरतात.

हा हिशेब बहुधा जागेवर बिघडतो. पाइल ७५ मिलिमीटर बाहेर सरकला, तर त्या बाजूचे १५० निम्म्यावर येतात. मग कॅप तेवढी वाढवावी लागते, काँक्रीट ०.१७ घनमीटरने वाढतं आणि त्या दिशेच्या सोळाही सळया ७५ ने लांब लागतात. त्यामुळे पाइलची डोकी फोडून त्यांचे मध्य मोजून झाल्याशिवाय फिटरने सळई कापू नये.