रक्तदाब ठीक, तरीही

असं पाहा, पोटाची शस्त्रक्रिया होऊन सहा तास झालेला रोगी आहे. मघाशी नाडी ८४ होती, आता ११२. श्वास १६ वरून २४ वर गेला, हात गार पडले. रक्तदाब मात्र ११८ वर ७६. नवखी परिचारिका इथंच फसते. जाणती परिचारिका हा बदल टिपते, मग त्याचा अर्थ लावते. आत रक्तस्राव होत असला, तर शरीर रक्तवाहिन्या आवळून, हृदय पळवून रक्तदाब काही काळ सावरून धरते. वेदनेनंही नाडी वाढते खरी. पण लघवीही कमी झालेली दिसली, की रक्तस्रावाचा संशय बळावतो. रक्तदाब उतरण्याची वाट न पाहता ती आकडे सांगून डॉक्टरांना तातडीनं बोलावते, आणि ते येईतो रोग्यापाशी थांबून नाडी पुन्हापुन्हा मोजते.