कामाचा नंबर आणि घरचा नंबर

रात्रीचे साडेदहा वाजलेत. पुण्यात घरून डबे देणाऱ्या एखाद्या बाई डोळ्यासमोर आणाव्यात. पंचवीस-तीस डबे, निम्मे गिऱ्हाईक कॉलेजातली मुलं. ओटा आवरून त्या जरा टेकतात आणि फोन वाजतो. "काकू, उद्या एक डबा कमी पाठवा हं, रूममेट गावी गेलाय." निरोप दहा सेकंदांचा असतो, पण फोन न उचलून चालत नाही, कारण त्याच नंबरवर परगावी शिकणारी लेक फोन करते आणि सासऱ्यांच्या दवाखान्यातूनही फोन येतो. वाजतोय तो कोणाचा, हे उचलेपर्यंत कळत नाही.

यावर दोन उपाय सांगितले जातात. एक म्हणजे ॲपवर मिळणारा व्हर्च्युअल नंबर, दुसरा म्हणजे सरळ दुसरं सिम. वरवर दोन्हींचं काम एकच वाटतं. फरक आहे तो नंबर राहतो कुठे यात.

सिमचा नंबर त्या चिपशी बांधलेला असतो आणि केवायसी होऊन एका माणसाच्या नावावर असतो. व्हर्च्युअल नंबर कंपनीच्या सर्व्हरवर राहतो. त्यावर आलेला कॉल इंटरनेटवरून ॲपमध्ये येतो किंवा नेहमीच्या नंबरवर वळवला जातो. फोनमध्ये त्या नंबरची चिप नसते, आणि भारतात नेमकं इथेच अडतं.

डब्यांचे पैसे आज यूपीआयने येतात. यूपीआय ॲप सुरू करताना फोन स्वतःच एक एसएमएस पाठवतो आणि तो बँकेत नोंदलेल्या नंबरच्या सिमवरूनच जावा लागतो. व्हर्च्युअल नंबरला सिम नाही, म्हणजे हा एसएमएस जाणार कुठून? डब्याचा मेनू रोज व्हॉट्सॲपवर टाकायचा असतो, तिथेही तीच अडचण. इंटरनेट-कॉलिंगचे नंबर नोंदणीसाठी चालत नाहीत, असं व्हॉट्सॲप स्वतःच सांगतं. एखाद्या नंबरवर नोंदणी झालीच, तरी ती पुढे टिकेल याचा भरवसा नाही. नोव्हेंबर 2025मध्ये दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲपना आदेश काढला की, ज्या सिमवर खातं उघडलं ते सिम फोनमध्ये चालू असेल तरच ॲप चालावं. परदेशी ॲपवर मिळणारा +1 ने सुरू होणारा नंबर तर इथे निरुपयोगीच. त्यावर फोन करणाऱ्या विद्यार्थ्याला आयएसडीचा दर पडेल, आणि अनोळखी परदेशी नंबर दिसला की आता कोणी फोन उचलतही नाही.

न्यू जर्सीत दिवाळीचा फराळ विकणाऱ्या मराठी बाईंना मात्र नेमका उलटा सल्ला द्यावा लागेल. अमेरिकेत गूगल व्हॉइसचा नंबर फुकट मिळतो. त्यावरचा कॉल एकाच वेळी दोन-तीन फोनवर वाजवता येतो, त्यामुळे बाई तळणीला असल्या तर नवरा फोन घेऊ शकतो. निरोप ठेवला तर तो लिहून समोर येतो. फोन वळवताना समोरच्याच्या नंबराऐवजी गूगल व्हॉइसचाच नंबर दिसेल अशी सोय आहे, म्हणजे पडद्यावर नजर टाकताच हा चकल्यांच्या ऑर्डरचा फोन आहे हे कळतं. त्यावरून 911 हा आपत्कालीन नंबर लागत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवावं लागतं.

सर्व्हरवरच्या नंबरचं आणखी एक आहे. कंपनीने सेवा गुंडाळली की नंबरही डळमळतो. मायक्रोसॉफ्टने 5 मे 2025 रोजी स्काइप बंद केलं, तेव्हा स्काइपवर फोन नंबर घेतलेल्या लोकांना तो दुसरीकडे हलवायची सोय शोधावी लागली. भारतातल्या सिमचा नंबर 2011पासून एका कंपनीतून दुसरीत नेता येतो. दुकानाच्या पाटीवर आणि डब्याच्या झाकणावर छापलेला नंबर वर्षानुवर्षं तोच राहणं धंद्याला फार मोलाचं असतं.

तेव्हा पुण्यातल्या काकूंनी दुसरं सिमच घ्यावं आणि ते स्वतःच्याच नावावर घ्यावं. फोनमध्ये जागा एकाच सिमची असेल तर ई-सिम चालतं का ते पाहावं. रिचार्जचा दुप्पट भुर्दंड ही रास्त तक्रार होती. पण ट्रायने डिसेंबर 2024मध्ये नियम बदलले आणि कंपन्यांना फक्त कॉल व एसएमएसचे, डेटा नसलेले पॅक देणं भाग पडलं. कामाच्या सिमला तेवढं पुरतं, कारण व्हॉट्सॲप बिझनेस पहिल्या सिमच्या डेटावर किंवा घरच्या वायफायवर चालतं. नोंदणी मात्र नव्या नंबरवर करायची.

सिम घातलं की काम झालं असं मात्र नाही. पहिली चूक हमखास होते ती उलट फोन करताना. गिऱ्हाइकाचा मिस्ड कॉल पाहून काकू परत फोन लावतात आणि तो घरच्या नंबरवरून जातो. मुलगा तोच नंबर सेव्ह करतो आणि पुढच्या रात्रीपासून त्यावरच फोन येऊ लागतात. म्हणून सिमच्या सेटिंगमध्ये कॉलसाठी एकच सिम ठरवून न ठेवता 'Ask every time' निवडावं. दरवेळी एक टिचकी जास्त पडते, पण घरचा नंबर बाहेर जात नाही.

दुसरी अडचण कळायला वेळ लागतो. बहुतेक दोन सिमच्या फोनमध्ये रेडिओ एकच असतो आणि दोन्ही सिम त्यावर आळीपाळीने कान लावून असतात. एका सिमवर बोलणं सुरू झालं की दुसरं नेटवर्कबाहेर जातं. काकू लेकीशी अर्धा तास बोलत असतील, तर तेवढा वेळ गिऱ्हाइकाला 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' असं ऐकू येतं आणि इकडे मिस्ड कॉलही दिसत नाही. धंद्यात असा न दिसलेला फोन महागात पडतो. आपल्या फोनचं काय होतं ते तपासणं सोपं आहे: घरच्या सिमवर कोणाशी तरी बोलत राहायचं आणि तिसऱ्या फोनवरून कामाच्या नंबरला रिंग द्यायला सांगायचं. काही नव्या फोनमध्ये दुसऱ्या सिमचा कॉल पहिल्याच्या डेटावरून किंवा वायफायवरून येतो, तिथे रिंग वाजेल.

न वाजल्यास कॉल फॉरवर्डिंगमध्ये कामाच्या सिमसाठी 'When unreachable' या पर्यायात घरचा नंबर घालता येतो आणि घरच्या सिमवर कॉल वेटिंग सुरू ठेवता येतं. मग लेकीशी बोलतानाही गिऱ्हाइकाचा फोन मागे टुकटुकतो. हे सेटिंग स्वतः मेनूत जाऊन करावं. फोनवरून कोणी एखादा कोड दाबायला सांगितला तर दाबू नये. कॉल वळवून ओटीपी चोरण्याचे प्रकार झाल्याने दूरसंचार विभागाने एप्रिल 2024पासून *401# ची सेवाच थांबवायला लावली.

आणि याच उपायात एक खोच आहे. रात्री नऊला काकूंनी कामाचं सिम सेटिंगमधून बंद केलं, तर नेटवर्कच्या लेखी तो नंबर 'unreachable' झाला. म्हणजे ज्या फोनपासून सुटका हवी होती तेच वळून घरच्या नंबरवर येऊन धडकणार. ठरलेल्या वेळेनंतर फोन आपोआप बंद होण्याची जी सोय ॲप सहज देतं, ती सिमवर अशी हाताने जुळवावी लागते. एक तर सिम बंद करण्याआधी फॉरवर्डिंग काढायचं, नाहीतर कॉल आपल्या घरच्या नंबराऐवजी डबे पोचवणाऱ्या मुलाच्या नंबरवर वळवायचे. दुसरा मार्ग जास्त टिकतो. त्या मुलालाही रात्रीच कळलेलं बरं असतं की उद्या कुठल्या रूमचा डबा नको आहे.