‘आज छान दिसताय’ : याचा अर्थ काय घ्यायचा?

ओळखीचा पुरुष सहज म्हणतो, “आज साडी छान दिसतेय.” मग दिवसभर आपल्या मनात घोळतं, हे नुसतं बोलणं की आणखी काही? नवरा गेलेल्या किंवा एकट्या राहणाऱ्या बायांना हा प्रश्न जास्त पडतो, कारण कौतुकाचा शब्द त्यांच्या वाट्याला कमीच येतो आणि तो मोठा वाटू लागतो.

समजा, आपली एक ताई रोज सकाळी दूध घालायला केंद्रावर जाते. फॅट लावणारा भाऊ तिला असं म्हणाला. तर आधी पाहायचं, रांगेतल्या मागच्या काकूंनाही तो असंच काही म्हणतो का? म्हणत असेल तर ती त्याची बोलायची पद्धत झाली. शिवाय नवी साडी, गजरा यांचं कौतुक बहुतेक वेळा त्या वस्तूपुरतंच असतं.

आता ताईने साधं उत्तर द्यावं, “हो, बहिणीने दिली,” आणि कॅन पुढे करावा. नुसता सौजन्याने बोलणारा तिथेच थांबतो आणि पुढचं दूध घेतो. ज्याच्या मनात काही आहे तो धागा सोडत नाही. चार दिवसांनी विचारतो, “बहीण आली होती का?” दिसण्यावरून तो हळूहळू आपल्या पोरांकडे, कामाकडे, सुखदुःखाकडे येतो आणि स्वतःबद्दलही सांगतो. काम नसतानाही दोन शब्द बोलायला थांबतो. तरी एका दिवसावरून ठरवू नये, दोन-तीन आठवडे पाहावं.

पाहताना हेही बघायचं, चारचौघांत आणि एकटं असताना त्याचं बोलणं एकच आहे का? सरळ मनाचा माणूस घरी कोण कोण आहे ते लपवत नाही. “कुणाला सांगू नका” म्हणणारा, रात्री उशिरा मेसेज टाकणारा, साडीवरून अंगावर घसरणारा माणूस नात्याची वाट शोधत नसतो. आणि उत्तर थंड दिल्यावर आपल्या दुधाची फॅट अचानक कमी लागू लागली, तर तो दबाव आहे. पावत्या जपून ठेवाव्यात आणि गटात सांगावं.

आपल्यालाही तो आवडत असेल तर अंदाज बांधत बसू नये. “बाजारच्या दिवशी चहा घेऊ या का?” असं उजेडात, माणसांत विचारावं. तो हो म्हणेल किंवा टाळेल, दोन्हींतून उत्तर मिळतं. आवडत नसेल तर “असं बोललेलं मला आवडत नाही” एवढं एकदा स्पष्ट सांगावं. नुसतं हसून टाळलं तर समोरचा त्याला होकार समजू शकतो. स्पष्ट नकारानंतरही तो पाठलाग करत राहिला, तर कायद्याने तो गुन्हा आहे. तेव्हा १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करावा.